शहाजीरावांचा पंखा बरा झाला

पंख्यांच्या कारखान्यात शांतता असेल असं ज्याला वाटतं, त्यानं पंख्यांचा कारखाना बघितलेला नसतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत कान्हाशेठ म्हात्र्यांचा कारखाना होता. खाली वायंडिंगची मशीनं, वर ऑफिस, आणि ऑफिसच्याच एका बाजूला लोखंडी सांगाड्यावर टेस्टिंगला टांगलेले पंखे सकाळपासून गरगरत असायचे. या सगळ्यावर कडी म्हणजे अकाउंट्सचे पोपटराव. पोपटराव टाइपरायटरवर शिकलेले. कीबोर्डची बटणं ते दाबत नसत, ठोकत. एकदा तर एका डीलरनं व्हिडिओ मीटिंगमध्ये विचारलं होतं, की तुमच्याकडे गारा पडतायत का?

त्याच दिवशी ईश्वरीनं मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन शोधलं आणि थेट 'हाय'वर टाकलं. चीज मोठी गुणाची निघाली. माइकमध्ये शिरलेल्या आवाजातून माणसाचं बोलणं तेवढं ओळखायचं, ते पुढं सोडायचं, आणि पंख्याची घरघर, बटणांची टकटक जागच्या जागी गाळून टाकायची. बोलता बोलता, तिथल्या तिथं. डीलर खूश, शेठ खूश. ईश्वरीनं ते सेटिंग केलं आणि विसरूनही गेली. घरातली मोरी तुंबेपर्यंत जाळी कुणाला आठवते का?

ही ईश्वरी म्हणजे घणसोलीला गावठाणात भाड्यानं राहणारी, मूळची चिपळूणची, इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली मुलगी. कारखान्यात आली ती तक्रारींचे फोन घ्यायला. फोनवर रोज तेच ऐकायची. पंखा वाजतो, पंखा खडखडतो, पंख्यापायी झोप नाही. ऐकून ऐकून तिचं डोकं फिरलं आणि तिनं आवाज न करणारा पंखा करायचा ध्यास घेतला. बेअरिंग बदललं, पात्यांचा बाक बदलला, मोटर बदलली, कान्हाशेठच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एक पंखा असा जमला, की त्याच्याखाली उभं राहिलं तर वारा लागायचा, आवाज लागायचा नाही.

कान्हाशेठनं कौतुकानं त्या पंख्याला बायकोचं नाव दिलं, गोजरा. शेठ घणसोलीचेच, त्यामुळं अख्ख्या घणसोलीत हसं झालं. कारण गोजराकाकू दारात उभ्या राहून हाक मारायच्या ती तलावापलीकडं ऐकू जायची.

पण नुसतं नाव देऊन माल खपत नाही. डीलर म्हणायचे, चांगला आहे, पण गिऱ्हाईक आवाज बघून पंखा घेतं कुठं? शेवटी कान्हाशेठनं ईश्वरीला समोर बसवून सांगितलं.

"पोरी, तुजा पंखा लाखात एक हाय. पन गोदामात पडून हाय. आता येक बार्शीचा गिऱ्हाईक हाय, शहाजीराव. त्याच्या अभ्यासिका हायेत, सात-आठ गावांत. त्यानं घेतला तर गोजरा चालू. नायतर बंद. मंग आपला जुना एक्झॉस्ट पंखाच बरा."

"आणि मी?" ईश्वरीनं विचारलं.

"तू फोनवर. चांगली बोलतंस तू फोनवर."

परत तो फोन, परत 'हो काका, पाठवतो माणूस'. तिला रडूच यायचं राहिलं.

शहाजीराव हे गिऱ्हाईक मोठं चिकट. स्पर्धा परीक्षांची पोरं त्यांच्या अभ्यासिकांत दिवसभर माना खाली घालून बसायची, आणि डोक्यावरचे पंखे अशी खरखर करायचे की पोरं पुस्तक मिटून दुसऱ्या अभ्यासिकेत जायची. शहाजीरावांनी त्यातलेच दोन बदनाम पंखे उतरवले. एक पाठवला एका दुसऱ्या कंपनीला, एक कान्हाशेठला. सोबत निरोप, की मला यायला सवड नाही, व्हिडिओवर माझा पंखा लावा, शेजारी तुमचा लावा, आणि ऐकवा. सकाळी ती दुसरी कंपनी ऐकवणार होती, दुपारी कान्हाशेठ.

ईश्वरीनं तयारी किती करावी? सांगाड्यावर दोन्ही पंखे शेजारी टांगले. खालची मशीनं आणि टेस्टिंगचे बाकीचे पंखे बंद करवले. चार चार वेळा दोन्ही पंखे फिरवून बघितले. शहाजीरावांचा पंखा म्हणजे कुणी पत्र्यावर खडी ओतावी तसा, आणि गोजरा चिडीचूप. फरक बहिऱ्यालाही कळला असता. फक्त एक झालं. ही सगळी तालीम तिनं पंख्याखाली उभं राहून, स्वतःच्या कानांनी केली. मीटिंगच्या पलीकडच्या टोकाला बसून कुणी ऐकलंच नाही.

मीटिंगच्या आधी गोजराकाकू आल्या. हातात आरतीचं ताट. नव्या पंख्याला हळद-कुंकू लावल्याशिवाय बटण दाबू द्यायला त्या तयार नव्हत्या. स्टुलावर चढून त्यांनी मोटरला कुंकू लावलं, पात्यावर जास्वंद ठेवली आणि नमस्कार केला. तेवढ्यात कान्हाशेठना घाई झाली, त्यांनी बटण दाबलं. जास्वंद जी सुटली ती थेट पोपटरावांच्या चहात. पोपटरावांनी फूल बाजूला काढलं आणि चहा पिऊन टाकला.

शहाजीराव स्क्रीनवर आले. गोल चेहरा, कपाळावर गंध, मागं भिंतीवर अभ्यासिकेचे नियम. नियम एकच होता, शांतता.

"लावा मग," ते म्हणाले. "आधी तुमचा लावा."

ईश्वरीनं गोजरा लावला, पाचावर. पाती दिसेनाशी झाली. शहाजीरावांनी कान स्क्रीनला लावला, त्यामुळं सगळ्यांना नुसता एक भलामोठा कानच दिसत होता.

"चालू आहे का बंद?"

"चालू आहे साहेब. हे बघा, कागद हलतोय."

"मग लईच भारी की," शहाजीराव म्हणाले. कान्हाशेठनं टेबलाखालून ईश्वरीला अंगठा दाखवला. तिचं काळीज सुपाएवढं झालं. "आता माझा लावा."

तिनं गोजरा बंद करून दुसरं बटण दाबलं. शहाजीरावांचा पंखा कण्हत कण्हत उठला आणि असा काही खरखरायला लागला की गोजराकाकूंनी कानांवर हात ठेवले.

शहाजीराव कान लावून बसले. बराच वेळ बसले. मग त्यांचा चेहरा स्क्रीनवर परत आला, आणि त्यावर अपार आश्चर्य होतं.

"अहो, काय केलंत तुम्ही माझ्या पंख्याला?"

"काही नाही साहेब. आला तसाच टांगलाय."

"काही कसं नाही? आवाजच गेला की त्याचा. अगदी मुका झाला." शहाजीराव खुर्चीत पुढं सरकले. "सहा वर्षं डोकं उठवलं ह्यानं माझं. आणि तुम्ही बरा केला!"

ऑफिसात तो पंखा असा गर्जत होता की टेबलावरचा स्टेपलर थरथरत होता. ईश्वरीनं पंख्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं.

"ह्यो बाबा काय बहिरा हाय का?" गोजराकाकू आपल्या समजुतीनं कुजबुजल्या.

"बहिरा नाही वहिनी, चांगलं ऐकू येतं," शहाजीराव म्हणाले. "तुमचं एकेक अक्षर ऐकू येतंय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. शहाजीरावांनी मात्र राग धरला नाही, ते आनंदानं तरंगत होते. "कान्हाशेठ, असं करा. नवे पंखे राहू द्या. ह्याला जे केलंत तेच माझ्या बाकीच्या पंख्यांना करून द्या. सगळे उतरवून पाठवतो. काय ती मजुरी सांगा."

आता कान्हाशेठ हा जातिवंत धंदेवाला माणूस. काम काय आहे ते नंतर बघू, आधी हो म्हणू, हा त्यांचा स्वभाव. "करू ना साहेब," ते म्हणाले. "आमी सगला करतो. पाठवा तुमी."

ईश्वरीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. गोजरा गेला, फोन आला, आणि वर कुठलं तरी न केलेलं दुरुस्तीचं काम गळ्यात. "एक मिनिट हं साहेब," असं म्हणून ती आपला मोबाइल आणि इअरफोन घेऊन धावत जिन्यात गेली, दार लावून घेतलं आणि मोबाइलवरून त्याच मीटिंगमध्ये शिरली. स्वतःचा माइक बंद ठेवून ऐकायला लागली.

कान्हाशेठ बोलत होते. त्यांचा आवाज स्वच्छ, जरासा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शहाजीरावांचा आवाज स्वच्छ. काकू पोपटरावांना चहा गोड झाला का विचारत होत्या, तेही स्वच्छ. पंखा मात्र नाहीच. इअरफोन काढला की दाराच्या फटीतून खरखर, इअरफोन घातला की देवळातल्यासारखं शांत. तिनं दोनदा काढून-घालून बघितलं, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'हाय'. गारा. आपणच टाकलेली जाळी.

ती जिन्यातच खाली बसली आणि हसायला लागली. हसू आवरेना. दोन वर्षं आपण पंख्याचा आवाज मारायला राबलो, आणि ह्या सेटिंगनं एका झटक्यात जगातले सगळे पंखे गोजरा करून टाकले.

मग हसू ओसरलं आणि पुढचा विचार आला. गोजराची शांतता शहाजीरावांनी ऐकली, तीही जाळीतूनच गाळलेली. म्हणजे खरं सांगितलं तर दोन्हीवरचा विश्वास उडणार. आणि नाही सांगितलं, तर खोक्यांतून खरखरणारे पंखे येणार, आपण ते पुसून परत पाठवणार, आणि बार्शीत ते टांगले की शहाजीराव काठी घेऊन येणार.

ती आत आली. कान्हाशेठ टेम्पोचं बोलत होते.

"साहेब," ईश्वरी म्हणाली, "तुमचा पंखा बरा झालेला नाही."

कान्हाशेठनं तिच्याकडं असं बघितलं की पुढच्या आयुष्यात कुणी कुणाकडं बघू नये. पण तोंडातून शब्द सुटला होता. तिनं सगळं सांगून टाकलं. सेटिंग, जाळी, पोपटरावांच्या गारा, सगळं.

शहाजीरावांचा चेहरा हळूहळू पडला. "म्हंजे माझा वाजतोय?"

"खूप."

"आणि तुमचा?"

"नाही वाजत."

"हे मी कशावरून मानायचं? जाळीतून तर दोघं मुकेच आहेत."

प्रश्न बिनतोड होता. ईश्वरीनं सेटिंग उघडलं आणि स्क्रीन शेअर करून नॉइज सप्रेशन 'हाय'वरून 'ऑफ' करून दाखवलं. त्याच क्षणी शहाजीराव खुर्चीत मागं उडाले. त्यांचा पंखा त्यांच्या कानात परत आला होता.

"हां, हाच तो," ते कळवळून म्हणाले. "हाच तो मेला."

ईश्वरीनं तो बंद करून गोजरा लावला. शहाजीरावांनी कान लावला आणि लगेच मान हलवली. "हा पण घोंघावतोय की."

कानाला तर काही ऐकू येत नव्हतं. मग ध्यानात आलं, माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी एक खूण खाली चालूच होती. खोलीत गप्प झालं की ती माइक वाढवत नेते आणि वाऱ्याचा सुस्कारासुद्धा फुगवते. तिनं ती खूण काढली, माइक एका जागी पक्का केला आणि शेअर बंद करून हात वर केले. "आता यापुढं मी लॅपटॉपला हात लावणार नाही. बघत राहा."

शहाजीराव ऐकत होते. गोजरा फिरत होता. काहीच नाही.

"परत लावलीत जाळी," ते म्हणाले. "हात दिसतायत, पण तुमच्यासारख्यांचा काय भरवसा. आत्ताच बरा झालेला पंखा आजारी पडला माझा."

शांतता सिद्ध कशी करायची? नसलेली गोष्ट ऐकवायची कशी? तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि तिची नजर पोपटरावांवर गेली. मघाशी दोन पावत्या ठोकून झाल्यावर पोपटराव बिचारे हात मांडीवर घेऊन बसले होते.

"पोपटराव, टाइप करा."

"काय करू?"

"काहीही. जसं रोज करता तसं. जोरात."

पोपटराव तेव्हापासून कोंडलेले होते. त्यांनी मनगटं झटकली आणि सुरू झाले. टाक् टाक् टकाटक टाक्.

"हे काय?" शहाजीराव दचकले. "गारा का?"

"कीबोर्ड आहे साहेब. खोलीच्या त्या टोकाला. 'हाय'ची जाळी असती तर ही टकटक आधी गेली असती. मघाशी ते ऐन मीटिंगमध्ये दोन पावत्या टाइप करत होते, आली का तुम्हाला ऐकू? आता ती येतेय, म्हणजे जाळी उघडी आहे. पंखा माइकच्या डोक्यावर आहे, कीबोर्ड लांब आहे. पोपटराव, थांबायचं नाही."

"जाळी पंख्यापुरतीच ठेवली असंल," शहाजीराव म्हणाले. चिकट म्हणजे चिकट.

"मग तुमचाच लावते. सेटिंग तेच, टायपिंग तेच." तिनं बटणं बदलली. खरखर उसळली, तिच्यात टकटक बुडाली. परत बदलली. खरखर गेली, टकटक वर आली. परत. परत. पोपटराव रंगात आले होते, मान डोलावत होते. गोजराकाकूंनी नकळत ठेका धरला. कान्हाशेठ मघाचा राग विसरून बोटानं ताल देत होते. ऑफिसात चाललेलं ते काय होतं देव जाणे, पण मीटिंग नव्हती.

शहाजीरावांनी हात वर केला. सगळे थांबले, पोपटराव सोडून. त्यांना कोपरखळी मारून थांबवावं लागलं.

"ताई, एक सांगतो," शहाजीराव सावकाश म्हणाले. "सकाळच्या कंपनीतही माझा पंखा असाच बरा झाला होता."

कान्हाशेठनं खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

"मी विचारलं, काय केलंत? ते म्हणाले, खास सर्व्हिसिंग. आमचं सीक्रेट आहे म्हणाले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुमच्याकडंही बरा झाला तेव्हा मला वाटलं, सगळ्यांनाच येतं वाटतं हे." त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला. "जरा थांबा. जाऊ नका."

त्यांनी मोबाइलवर त्या कंपनीला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं आणि स्पीकर लावला. लॅपटॉपचा माइक तसाच चालू होता, त्यामुळं रबाळ्याला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार साहेब, मग ठरलं ना?" मोबाइलमधला माणूस म्हणाला.

"ठरवूच. तुमच्याकडं कीबोर्ड आहे का?"

"हो, आहे की."

"वाजवा बरं जरा."

"वाजवू? म्हणजे?"

"बटणं दाबा. जोरात."

गप्प. शहाजीराव मोबाइल कानाशी धरून बसले होते. रबाळ्याच्या ऑफिसात सगळे लॅपटॉपवर वाकले होते.

"वाजवा की," शहाजीराव म्हणाले.

"वाजवतोय साहेब."

"कुठं? वाजवा ना."

"वाजवतोच आहे साहेब. दोन्ही हातांनी वाजवतोय. बोटं दुखायला लागली."

"अस्सं," शहाजीराव म्हणाले. "म्हंजे कीबोर्डचंही सर्व्हिसिंग केलंत वाटतं." आणि त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

कान्हाशेठ टेबलावर डोकं ठेवून हसत होते. काकूंचं हसू त्या माइकनं कसं पेललं कोण जाणे, कारण आता गाळायला जाळीच नव्हती; बार्शीच्या अभ्यासिकेत पोरांनी माना वर केल्या असतील. पोपटरावांना कशाला हसतायत ते नीटसं कळलं नव्हतं, पण आपल्या टायपिंगनं काहीतरी मोठं घडलंय एवढं कळलं होतं, आणि ते कॉलर ठीक करत होते.

"ईश्वरीताई," शहाजीराव म्हणाले. "सगळ्या अभ्यासिकांना तुमचेच पंखे लावायचे. आणि पंखा मला तुम्ही विकायचा, शेठनी नाही. शेठ सगळंच करतो म्हणतात."

"ती करंल ना साहेब," कान्हाशेठ डोळे पुसत म्हणाले. "आता तिचाच खाता हाय पंख्यांचा. मी फक्त सही करीन."

ईश्वरीनं तोंड उघडलं. आभार मानायचे होते, माल कधी निघेल ते सांगायचं होतं, निदान 'हो साहेब' तरी म्हणायचं होतं. घशातून काहीच बाहेर येईना. डोळ्यांतून तेवढं पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. डोक्यावर गोजरा गुपचूप फिरत होता.

शहाजीरावांनी कान स्क्रीनला लावला. वाट बघितली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ताई, ऐकू येईना हो. परत जाळी लावलीत का काय?"

"नाय साहेब," काकू म्हणाल्या. "जाली नाय. पोरगी रडतंय."